गुरुजींची विशेषणं आणि कुंपणातली दावी

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. सगळा परंडा त्यांना गुरुजी म्हणतो, मीही म्हणते. माणूस देवासारखा, पण हातात पेन आलं की अंगात येतं. नळाला पाणी नाही एवढंच नगरपरिषदेला कळवायचं असलं तरी ते ‘तृषार्त जनतेच्या कोरड्या कंठातून’ सुरुवात करतात. मी संस्थेत आले तेव्हापासून माझं निम्मं आयुष्य त्यांची विशेषणं खोडण्यात गेलं. एकदाच, फक्त एकदाच, मी ती खोडली नाहीत, आणि तेवढ्यानंच आमचा बट्ट्याबोळ झाला.

संस्था म्हणजे काय, तर एस.टी. स्टँडमागं दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, आणि दार नीट न लागणारं कपाट. काम शेळ्यांच्या आरोग्याचं. नदीच्या अलीकडच्या दोन वस्त्यांवर आमची एक पशुसखी होती. पशुसखी म्हणजे शेळ्यांचं प्राथमिक औषधपाणी शिकलेली गावातलीच बाई. सरकारी डॉक्टर एक आणि गावं ढीगभर, मग मधलं सगळं हिनं बघायचं. जंताचं औषध पाजायचं, नव्या करडाच्या नाळेला आयोडीन लावायचं, तासाभराच्या आत त्याला चीक पाजायला लावायचं, लसीच्या दिवशी घरोघर हाका मारून शेळ्या गोळा करायच्या. मी तिला काकू म्हणायची. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल, पण आवाज असा की बोकडसुद्धा दचकून मागं सरायचा.

काकूंचं मानधन जुन्या प्रकल्पातून यायचं. तो संपला, मानधन संपलं, काकू मात्र थांबल्या नाहीत. “शेळी व्यायला लागल्यावर तिला काय सांगू, प्रकल्प संपला म्हणून?” असं म्हणून रोज निघायच्या. पण पोट काही असल्या बोलण्यावर भरत नाही. कुर्डुवाडीला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम त्यांना सांगून आलं होतं. म्हणून आम्ही पुण्याच्या एका देणगीदार संस्थेकडं अर्ज केला. मिळालं तर काकू राहणार, नाही तर कुर्डुवाडी. सरळ हिशेब.

त्या अर्जात ‘गरज’ नावाचा एक भाग असतो. तुमच्या भागात अडचण काय, किती, कशावरून म्हणता, एवढंच त्यात सांगायचं. मला त्या आठवड्यात ताप होता. गुरुजी म्हणाले, “तू झोप गं पोरी, गरज मी लिहितो.” मी झोपले. हाय रे माझ्या कर्मा!

गुरुजींनी लिहिलं, ‘आमच्या तालुक्यात करडू जन्मते ते मरण्यासाठीच.’ पुढं ‘हाडांचे सापळे झालेल्या शेळ्या’, ‘गोठ्यागोठ्यांतून उठणारा आक्रोश’, ‘मृत्यूचे थैमान’. मी तापातच वाचलं, मलाही जरा गहिवरून आलं, आणि मी ते तसंच पाठवलं.

पाहणीला पुण्याहून एक मॅडम आल्या. पायात साधी चप्पल, हातात आमच्या अर्जाची प्रत, आणि बोलणं अगदी मोजकं. आम्ही त्यांना वस्तीवर नेलं. गुरुजींनी आदल्या दिवशीच निरोप धाडला होता की पाव्हण्या येणार, शेळ्या जरा बेतानंच पुढं आणा. आता आमच्याकडची शेळी म्हणजे काळी कुळकुळीत, खडकावर चरून धट्टीकट्टी राहणारी जात. आणि आमच्या बायका म्हणजे कुणी पाहुणा येणार म्हटल्यावर शेळी दडवणाऱ्या नव्हेत. निरोप ऐकून त्यांनी शेळ्यांना उलट अंघोळी घातल्या. एकीनं तर शिंगांना तेल लावलं होतं. मॅडमच्या भोवती पन्नासेक चकचकीत शेळ्या उड्या मारायला लागल्या, आणि त्यातल्या एका पाठीनं, म्हणजे लहान शेळीनं, अर्जाचा कोपरा खाल्ला. ‘हाडांचे सापळे’ होते तोच कोपरा.

मॅडम हसल्या नाहीत. पंधरा दिवसांनी पत्र आलं. अर्जातली परिस्थिती आणि प्रत्यक्षातली परिस्थिती यांत मेळ दिसत नाही, पुरावा जोडून पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येईल. गुरुजी पत्र वाचून म्हणाले, “रूक्ष बाई आहे.” मी म्हटलं, “गुरुजी, रूक्ष नाही, डोळस आहे.” आणि मग जे मनात होतं ते सगळं बोलले. चूक माझीही होती, ते मात्र त्या दिवशी बोलले नाही.

काकूंनी वसतिगृहवाल्यांकडून आणखी मुदत मागून घेतली. “येकच डाव,” त्या म्हणाल्या. “ह्या फेरीला न्हाय झालं तर म्या चालले, बाई.”

मग मी कंबर कसली. पुरावा पाहिजे ना, घ्या पुरावा. एक छापील तक्ता केला: घर, शेळ्या किती, वर्षात करडं किती मेली. काकूंच्या दोन वस्त्या आणि नदीपलीकडची एक, जिथं काकू जात नव्हत्या. तिन्ही मिळून साठ घरं. तक्ता घेऊन आठ दिवस फिरले, आणि ऑफिसात बसून बेरीज केली तेव्हा डोक्याला हात लावला. साठ घरांत जेवढ्या शेळ्या निघाल्या, त्यांना दरवेळी तिळं झाली असती तरी भरणार नाहीत एवढी करडं मेली होती! एका म्हाताऱ्याकडं तर नुसता एक बोकड होता, आणि त्याची सात करडं मेल्याचं त्यानं सांगितलं होतं. मीही मुकाट लिहून घेतलं होतं. उन्हात डोकं चालत नाही माणसाचं.

गुरुजी मात्र खूश. “बघ, म्हटलं नव्हतं मी? थैमानच आहे!”

खरं सांगते, मलाही मोह झाला. आकडे माझ्या मनचे नव्हते, लोकांनीच सांगितलेले. सहीशिक्क्यासारखे साठ अंगठे-सह्या खाली. कोण येतंय तपासायला? दोन दिवस मी तो तक्ता उशाशी घेऊन झोपले म्हणा ना.

तिसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. मी त्यांना आकडे वाचून दाखवले, जरा रुबाबातच. त्या आधी खो खो हसल्या, मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

“बाई, माझ्या वस्तीवर येवढी करडं मेली?”

“तसं लोक म्हणतात.”

“मग म्या इतके दिस काय करत हुते? माशा मारत हुते? ह्ये कागद तिकडं गेलं तर त्ये इचारतील का न्हाय, तुमची बाई असून बी सगळं मरतंय, तर बाई पायजेच कशाला?”

काकूंना ठेवण्यासाठी जो अर्ज, त्यात मी काकूंनाच कुचकामी ठरवत होते. एवढा सगळा अभ्यास करून, एम.एस.डब्ल्यू. होऊन, हे मला सुचलं नव्हतं.

“लोक असं का सांगतात मग?” मी चिडून विचारलं.

“अवो, कागद घेऊन माणूस दारात आला म्हंजी पंचनामाच की! मागं गारपिटीत ज्यानं खरं सांगितलं त्यो भरपाईत मागं राहिला. तवापासनं आमी कुणी खरं सांगत न्हाय. आन् शेळ्या किती त्ये तर कुणी सांगणारच न्हाय. जित्राब मोजलं की दीठ लागती.”

म्हणजे मेलेली सगळे वाढवून सांगत होते आणि जिवंत सगळे लपवून. असा माझा तक्ता. तो मी काकूंसमोरच टराटरा फाडणार होते, पण कोरी बाजू उपयोगी पडेल म्हणून ठेवला.

मोजणीची दुसरी फेरी काकूंच्या पद्धतीनं केली. कागद पिशवीत. दारात गेल्यावर आकडा विचारायचाच नाही. एकेका शेळीची विचारपूस करायची. ही भुंडी कधी व्याली? काय झालं तिला? ते आता कुठंय? अन् ह्या तांबड्या कानाचीला? बायका अशा खुलायच्या की थांबवता थांबेनात. भुंडीला दोन झाली, एक पाठ, ती पोरीला दिली, बोकड बाजारात गेला. तांबड्या कानाचीला दोन, त्यातलं एक आठव्या दिवशी हगवणीनं गेलं. शेळ्या मोजायला तयार नसलेली बाई एकूणएक शेळीचं बाळंतपण सांगून जायची, आणि मोजदाद आपोआप व्हायची. मी घराबाहेर आले की आडोशाला उभी राहून भराभरा लिहायची. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वेड लागलं.

तरी मला धास्ती होतीच. आठवणीचं काय खरं? आधी वाढवून सांगितलं, आता कमी कशावरून नाही? त्यावरही इलाज काकूंनीच दाखवला. आमच्याकडं प्रत्येक करडाचं दावं वेगळं. बाया जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून करतात. करडू विकलं तर दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत, घरात ठेवतात, ते पुढच्याला येतं. पण मेलं तर ते दावं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. दाराशेजारच्या काट्याच्या कुंपणात खोचून टाकायचं. एक पावसाळा खाल्ला की ते कुजून पडतं.

एवढी वर्षं मी त्या वस्तीवर जात होते. कुंपणातल्या चिंध्या बघून मला वाटायचं, वाऱ्यानं उडून अडकल्या असतील.

मग मी प्रत्येक घरी बाईचं सांगणं आणि कुंपणातली दावी, दोन्ही लिहिली. बहुतेक घरी जुळलं. जिथं फरक पडला तिथं दावी कमी भरली, कारण पहिल्याच दिवशी गेलेल्या करडाला दावंच नसतं. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन लसीच्या दिवसांची नोंदही बघून आले. नदीपलीकडं त्या वर्षात एकदाच लस पोचली होती. शेवटी निघालं ते असं: पलीकडच्या वस्तीवर पाच करडांतलं एक तीन महिन्यांच्या आत मरत होतं. काकूंच्या वस्त्यांवर दहातलं एक.

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. “पाचातलं एक? फक्त?”

“गुरुजी, तुमच्या वर्गातलं पाचातलं एक पोर गेलं असतं तर ‘फक्त’ म्हणाला असता का?”

ते हळूच म्हणाले, “हे वाक्य घालू या का?”

“नाही!”

लिहायला बसलो तेव्हा खरी लढाई. मी लिहिलं होतं ते टक्क्यांचं आणि तक्त्यांचं, गुरुजी म्हणाले, “हे तर रेल्वेचं वेळापत्रक झालं. वाचून कुणाला काही वाटणार नाही.” मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. खरं सांगायचं म्हणजे कोरडं सांगायचं, असं मीच ठरवून बसले होते. मग सौदा ठरला. विशेषणं सगळी जाणार, आणि वाक्यांचा क्रम गुरुजी लावणार. एकेक विशेषण काढताना ते दाढ काढल्यासारखे कण्हत होते. ‘भीषण’ गेलं, ‘काळजाचा थरकाप’ गेला. ‘दारुण’साठी त्यांनी अर्धा तास घासाघीस केली.

पण पहिलं वाक्य त्यांनी जे लिहिलं ते मला जन्मात सुचलं नसतं. ‘आमच्या शेळ्या धट्ट्याकट्ट्या आहेत, पाहणीला आलेल्यांना जिवंत राहिलेल्याच दिसतात.’ त्याखाली नदीपलीकडच्या एका बाईची एकच शेळी, तिची दोन करडं, त्यातलं एक गेलं. जो बोकड दिवाळीत विकून पोरीच्या सायकलीची सोय व्हायची होती तो हाच, म्हणून पोर अजून पायी शाळेला जाते. हे तिनंच सांगितलेलं, तिला विचारून घातलेलं. आणि मग आमचा आकडा, साठ घरांचा, कसा मोजला त्यासकट.

शेवटी मी एक परिच्छेद घातला. घरं साठच आहेत, यावरून सगळ्या तालुक्याचं सांगता येणार नाही. पलीकडच्या वस्तीला रस्ताही वाईट आहे, त्यामुळं दोन्हीकडचा फरक सगळा पशुसखीमुळंच आहे असा आमचा दावा नाही. मात्र दगावलेली बहुतेक करडं पहिल्या महिन्यात, हगवण नाही तर छाती भरून गेली, आणि तिथं वेळेवर चीक, कोरडी जागा आणि नाळेची काळजी हेच काम उपयोगी पडतं. ते करायला काकूंना मानधन, औषधाची पेटी, आणि पलीकडं आणखी एक बाई तयार करायची, एवढी आमची मागणी.

“हा आपल्याच पायावर धोंडा आहे!” गुरुजी ओरडले. “आमचा दावा नाही म्हणे! अगं, अर्ज करतेस का कबुलीजबाब देतेस?”

“जे माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं, की जे माहीत आहे त्यावर विश्वास बसतो.”

“आणि नाही बसला तर?”

मी अर्ज पाठवला आणि पत्राची वाट बघत बसले.

मॅडम पुन्हा आल्या. तीच चप्पल. या खेपेला कुणालाही निरोप दिला नव्हता. त्यांनी आमच्या यादीतलं घर स्वतःच निवडलं, आणि नशीब बघा, तो बोकडवाला म्हातारा! आता त्याच्याकडं दोन शेळ्या आहेत हे दुसऱ्या फेरीत कळलं होतं, पण मॅडमच्या हातात कागद दिसला मात्र, म्हाताऱ्यानं डोक्याचा फेटा काढला आणि हंबरडाच फोडला.

“काय सांगू बाईसाहेब, सगळी मेली! येक बी ऱ्हायलं न्हाय!”

मागून एक करडू ओरडलं.

मला वाटलं, धरणी दुभंगावी. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात काकूंचा तो आवाज आला, “मामा! कुंपणात दोन दावी हायती तुमच्या. सगळी कशी मेली? पंचनामा न्हाय ह्यो, खरं बोला.”

म्हाताऱ्यानं कुंपणाकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. “मग दोनच लिवा की,” तो म्हणाला. “म्या कुठं न्हाय म्हणतोय?”

मॅडमनी कागद चाळला. आमच्या यादीत त्या घरापुढं दोनच होती. त्या पहिल्यांदा हसल्या. मग कुंपणाजवळ जाऊन त्यांनी ती दोन्ही दावी हात न लावता वाकून बघितली, आणि त्यानंतर वाटेत लागेल त्या घराचं कुंपण बघत निघाल्या. आम्ही मागून. असं करत करत काकूंच्याच दाराशी आलो.

कुंपणात एक दावं होतं. निळ्या लुगड्याचं, अजून रंग न गेलेलं.

मॅडमनी यादी पुन्हा चाळली. “हे घर दिसत नाही यात.”

नव्हतंच. काकू माझ्याबरोबर मोजायला फिरत होत्या, मोजणाऱ्याचं घर कसं मोजायचं, म्हणून मी साठांत धरलं नव्हतं. आणि खरं कारण त्याहून साधं होतं. मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

“आवंदाच्या थंडीतलं हाय,” काकू म्हणाल्या. “आठ दिसाचं हुतं. म्या नदीपल्याड गेलते, तिकडं येकीची शेळी व्यायला आडली हुती. पोरगी बोलवायला आली म्हणून गेले. तिची दोन्ही वाचली. हिकडं ह्याची छाती भरली, घरात कुणाला कळलं न्हाय.”

नदीपलीकडं काकू जात नाहीत असं मी अर्जात लिहिलं होतं. मानधन नसताना, हद्दीबाहेर, त्या जात होत्या.

मॅडमनी चहा घेतला, गेल्या. गाडी वळणाआड गेली आणि गुरुजी काकूंवर उसळलेच. डोळ्यांत पाणी आणि आवाज चढलेला. “अहो, हे आधी का सांगितलं नाहीत? एवढी गोष्ट! एवढी मोठी गोष्ट!”

“सांगितली असती तर तुमी तीच पयली लिवली असती, गुरुजी,” काकू म्हणाल्या. “मंग म्या रडून काम मागितल्यावानी झालं असतं.”

दोन वर्षांची मंजुरी आली. काकूंनी कुर्डुवाडीला निरोप धाडला की दुसरी बाई बघा. मी मात्र त्या दिवशीच बसून पुण्याला पत्र लिहिलं, की आमच्या अर्जात एक चूक आहे, पशुसखी नदीपलीकडं जात नाही हे बरोबर नाही, ती अधूनमधून गेलेली आहे, त्यामुळं तिथला आकडा ती गेली नसती तर कदाचित आणखी वाईट असता. गुरुजींनी पत्र वाचलं, एकही शब्द घातला नाही, आणि सही केली.

यंदाच्या मोजणीत घरं एकसष्ट आहेत. एकसष्टावं मी पहिल्या ओळीत लिहिलंय: दावं एक.